लिननच्या कुठल्या चुण्या राहू द्याव्यात

लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. तो ताठ असतो, लवचिक जवळजवळ नसतो. म्हणून कोपराशी एकदा मुडपला की परत सरळ होत नाही, आणि घामाच्या ओलीने ती घडी आणखी पक्की बसते. पण याच ताठपणामुळे शर्ट अंगाला न चिकटता सुटा राहतो आणि नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी आत हवा खेळते. त्यामुळे शर्ट छातीत थोडा सैलच घ्या. तंग शिवला तर बटणांपाशी आडव्या रेषा ओढल्या जातात, त्या मात्र वाईट दिसतात.

इस्त्री कापड दमट असतानाच, कडक गरम करा. कॉलर, पट्टी आणि कफ चोख हवेत. बाकीच्या चुण्या मग गबाळेपणाच्या नाही, निवांतपणाच्या वाटतात.