ब्लाउज शिवण्याची ताशी कमाई काढताना या चुका टाळा

सिडकोतल्या घरी मी ब्लाउज शिवते. तासाला सव्वाशे रुपये सुटतात, असे मी बरीच वर्षे समजत होते. एक महिना वेळेची नोंद ठेवल्यावर तो आकडा 80 रुपये निघाला आणि तोही पहिल्या आठवड्याची नोंद रद्द करून पुन्हा सुरुवात केली तेव्हा कळला.

पहिल्या आठवड्यात मी रात्री झोपताना दिवसभराचे तास आठवून लिहीत असे. वहीत सगळीकडे एक तास, दीड तास, दोन तास असेच आकडे दिसू लागले, की नोंद आठवणीतली आहे हे ओळखावे. खरी वेळ 10.40 ते 11.25 अशी वेडीवाकडी असते, कारण मध्येच कुकरची शिट्टी होते, दारात कोणी येते. म्हणून वही मशीनच्या फळीवरच ठेवावी आणि उठताना व बसताना घड्याळ पाहून लिहावे. घरकामासाठी उठलो तो वेळ धंद्याचा नाही, पण ब्लाउजसाठी आलेल्या ग्राहकाशी बोलण्यात गेलेला वेळ मात्र धंद्याचाच आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फक्त कापणी आणि शिलाईचे तास धरणे. त्या महिन्यात मी 46 अस्तरचे ब्लाउज प्रत्येकी 350 रुपयांनी शिवले, म्हणजे 16,100 रुपये झाले. अस्तर, दोरा, हूक, वीज, सुया व मशीनची दुरुस्ती आणि मेन रोडला जाण्या-येण्याचे भाडे मिळून 3,940 रुपये वजा केल्यावर 12,160 उरले. कापणी, शिलाई आणि हातकाम मिळून 96 तास झाले होते, त्यामुळे भागाकार 126 च्या वर गेला. पण मापे घेणे व बोलणे यात 21 तास, उसवून दुरुस्त करण्यात 14, सामान आणण्यात 12 आणि फोनवरचे निरोप व हिशेब यांत 9 तास गेले होते. एकूण 152 तासांनी भागल्यावर बरोबर 80 रुपये आले.

पैशांच्या बाजूलाही घोळ होतो. मागच्या महिन्याची उधारी या महिन्यात वसूल झाली, तर ती यात धरू नये, आणि या महिन्यात शिवून दिलेल्या ब्लाउजचे पैसे अजून यायचे असले तरी ते धरावेत. तास ज्या कामाचे, पैसेही त्याच कामाचे. लगीनसराईचा किंवा पितृपक्षाचा महिना निवडल्यास आकडा त्या हंगामापुरताच खरा मानावा.

दुरुस्तीचे 14 तास कोणत्या ब्लाउजवर गेले, हे वहीत पाहिले तेव्हा नऊपैकी सात ब्लाउज जुन्या ब्लाउजच्या मापावरून शिवलेले निघाले. जुना ब्लाउज धुऊन आटलेला किंवा सैल झालेला असतो, त्यामुळे छाती आणि मुंढा चुकतो. आता जुना ब्लाउज आला तरी अंगावरचे माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही.