चॅनेलवरचे फोटो मूळ दर्जात कसे मिळवले

बहिणीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने टेलिग्रामच्या खासगी चॅनेलवर टाकले. मी ते उतरवून बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटसाठी दिले, तर आईचा चेहरा पार धूसर आला. मला फार वाईट वाटलं.

फाइलची माहिती उघडल्यावर कारण कळलं. फोटो 1280 × 853 पिक्सेलचा होता. कॅमेऱ्यातला मूळ 6000 × 4000 चा. 300 डीपीआयला 1280 पिक्सेल म्हणजे जेमतेम सव्वाचार इंच. मूळ नाव आणि कॅमेऱ्याची माहितीही गायब होती. म्हणजे ते 'फोटो' म्हणून पाठवले गेले होते, आणि पाठवतानाच आकुंचन झालं की उतरवणाऱ्याला काहीही करून मूळ दर्जा मिळत नाही.

म्हणून फोटोग्राफर दादांना विनंती केली, "तेच फोटो परत टाका, पण जोडताना गॅलरीऐवजी File निवडा." त्यांनी लगेच टाकले. मी डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून Save As ने उतरवले. आता पिक्सेल पूर्ण होते, DSC ने सुरू होणारं नावही तसंच.

हळदीचा व्हिडिओ मात्र 3 जीबीच्या वर होता आणि मोफत खात्याची मर्यादा 2 जीबी. त्यांनी सेव्हन-झिपने त्याचे तुकडे केले:

```
7z a -mx0 -v1900m haldi.7z haldi.mp4
```

`-mx0` मुळे फक्त तुकडे पडतात, दर्जाला धक्का लागत नाही. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून `.001` उघडला की मूळ व्हिडिओ मिळतो. एक तुकडा अर्धवट उतरला होता, तेव्हा सेव्हन-झिपने चूक दाखवली. तो पुन्हा उतरवला.