पावसाळा सरल्यावर गेटवरचा गंज कसा वाचावा: कोणता प्रायमर टिकला?

गेटवर तांबूस ओघळ दिसला की लोक लगेच प्रायमरला नावं ठेवतात. मीही आधी तेच करायचो, म्हणून मला त्याचा जास्त राग आहे. नुसतं लांबून बघून कोणता प्रायमर चांगला हे कळत नाही.

गेटं सारखी हवीत. एकाच फॅब्रिकेटरची, एकाच हाताने घासलेली, प्रायमरचे आणि वरच्या इनॅमलचे हात तेवढेच, तोंडही एकाच दिशेला. नाहीतर तुलना प्रायमरची होत नाही, रंगाऱ्याची होते. रंग दिल्यावर दोनेक आठवड्यांनी प्रत्येक गेटच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून फूटभर उंचीवर, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने पार लोखंडापर्यंत जाणारे 5 सेंमीचे दोन ओरखडे ओढा. दोन का, ते पुढे येईल. मग पावसाळा जाऊ द्या आणि ऑक्टोबरात कोरड्या दिवशी बघायला जा.

आता खरा घोळ. आपल्या नागपुरात, त्रिमूर्तीनगरात शेजारशेजारच्या तीन गेटांना मी रेड ऑक्साइड, झिंक फॉस्फेट आणि दोन डब्यांचा इपॉक्सी असे वेगवेगळे प्रायमर दिले होते. ऑक्टोबरात रेड ऑक्साइडच्या गेटवर खालच्या आडव्या पाइपाखाली वीतभर लांब तांबडे ओघळ होते. मी तिथेच निकाल दिला आणि घरमालकांना सांगूनही टाकलं. नंतर ओल्या फडक्यावर साबण घेऊन पुसलं, तर ओघळ निघाले आणि खाली इनॅमल जसंच्या तसं. गंज वरून खाली आला होता. चौकोनी पाइपाच्या वेल्डिंगला सुईएवढं भोक राहिलं होतं, पाणी पाइपाच्या पोटात शिरत होतं आणि आतला गंज धुऊन बाहेर येत होता. बाहेरून लावलेला प्रायमर त्याला काय करणार? तेव्हापासून माझा नियम: आधी पुसा, मग बघा. पुसूनही जो डाग राहतो, नखाला खरखरीत लागतो, तोच मोजायचा. ओघळाचा उगम जॉइंटमध्ये असेल तर तो प्रायमरच्या खात्यात टाकूच नका, ते भोक बुजवा.

उलटी फसगतही होते. वरून रंग छान दिसतो आणि खाली गंज पसरत असतो. त्यासाठीच ओरखडे. बोथट पुट्टीपत्रा ओरखड्याच्या कडेने आडवा घाला. जेवढा रंग सहज सुटतो तेवढाच काढा, जोर लावून चांगला रंग उपटू नका. मग उघड्या पडलेल्या गंजक्या पट्ट्याची रुंदी सहा ठिकाणी पट्टीने मोजा. माझ्या रेड ऑक्साइडच्या ओरखड्यावर 7, 5, 9, 6, 8, 7 मिमी आले, सरासरी 7. मूळ ओरखडा 1 मिमीचा, तो वजा केला, उरलेल्याचे दोन भाग केले: गंज प्रत्येक बाजूला 3 मिमी आत घुसला होता. झिंक फॉस्फेटवर सरासरी 3 मिमी आली, म्हणजे घुसखोरी 1 मिमी. हा फरक खरा आहे, कारण एकाच गेटवरच्या दोन ओरखड्यांत माझा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. तुमच्याकडे दोन गेटांमधला फरक एकाच गेटच्या दोन ओरखड्यांमधल्या फरकाएवढाच निघाला, तर तो फरक धरू नका.

इपॉक्सीवर ओरखड्यापाशी घुसखोरी जवळजवळ नव्हती, पण मधे इनॅमलचे पोपडे सुटत होते. पोपडा उलटा करून बघा. पाठीला प्रायमर चिकटलेला असेल तर प्रायमरने लोखंड सोडलं. प्रायमर खाली गेटवर शाबूत असेल तर वरचा रंग त्याला धरत नाही. माझ्याकडे दुसरी गत होती: इपॉक्सी कडक होऊन गेल्यावर, हलका घासून न घेता, मी वर इनॅमल मारलं होतं. दोष माझ्या कामाचा होता, प्रायमरने गंज अडवलाच होता.

पिवळा झिंक क्रोमेट असेल तर मात्र कोरडा खरवडू नका. त्यातल्या क्रोमियमच्या धुळीने कॅन्सर होऊ शकतो. जागा ओली करून, मास्क लावून खरवडा, निघालेला रंग कागदात गोळा करा, अंगणात झटकू नका.

कडीपाशी आणि बिजागरीपाशी घासून रंग गेलेला असतो, ती जागा मोजणीत घेऊ नका. आणि हा निकाल रत्नागिरीच्या नातेवाइकांना सांगू नका. आपल्याकडे हवेत मीठ नाही, तिकडे आहे. नागपुरात 1 मिमीवर थांबलेला प्रायमर तिथल्या खाऱ्या वाऱ्यात किती टिकेल, ते तिथल्याच गेटवर ओरखडा ओढून बघावं लागेल.