मध्यक मतदार सिद्धांत: वर्गणीच्या बैठकीपासून निवडणुकीपर्यंत या चुका टाळा

श्रावण लागला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या तरुण मंडळाची पहिली बैठक बसते. विषय ठरलेला: यंदा घरटी वर्गणी किती घ्यायची? मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि मध्यक मतदार सिद्धांत मुलांना याच बैठकीवरून समजावतो. सिद्धांत दोन ओळींचा आहे: सगळ्यांच्या पसंती एका रेषेवर मांडल्या की बहुमताच्या मतदानात बरोबर मधल्या मतदाराची पसंती जिंकते. पण तो चुकीच्या जागी इतक्या वेळा लावला जातो की दर सत्रात त्याच चुका मला पुन्हा तपासाव्या लागतात.

समजा कार्यकारिणीत सात जण आहेत आणि प्रत्येकाच्या मनातला आकडा असा: 200, 300, 300, 500, 700, 1000 आणि 3000 रुपये. लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावली की बरोबर मधला, म्हणजे चौथा, 500 वाला. दहावीच्या गणितात ज्याला मध्यक म्हणतात तो हाच. आता 500 समोर कुठलाही आकडा उभा करा. 300 आणा: 500, 700, 1000 आणि 3000 वाले चौघे 500 ला हात वर करतील. 700 आणा: 200 वाला, दोघे 300 वाले आणि 500 वाला, पुन्हा चौघे 500 कडेच. कुठूनही या, 500 चार विरुद्ध तीनने तरी जिंकतोच, कारण मधल्या माणसाला सोडून कुठल्याही बाजूला बहुमत जमत नाही. डंकन ब्लॅक या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञाने 1948 मध्ये हे मांडलं. सभासदांची संख्या विषम असली की हिशेब स्वच्छ बसतो. सम असली तर मधले दोघे मिळून तो मान वाटून घेतात.

सरासरी काढून "हाच मध्य" म्हणू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. वरच्या सात आकड्यांची बेरीज 6000, सरासरी सुमारे 857. पण 857 विरुद्ध 500 असं मतदान घ्या, 857 चार-तीनने पडेल. 3000 वाल्या अण्णांनी उत्साहात 10,000 म्हटलं तर सरासरी 1857 वर उडी मारते आणि मध्यक 500 वरच राहतो. मतदानात अण्णांचं मत एकच मोजलं जातं, त्यांची तळमळ मोजली जात नाही.

याच ठिकाणी दुसरी गल्लत होते. 500 जिंकला म्हणजे तो सगळ्यांच्या भल्याचा आकडा, असं मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात. सिद्धांत तसं म्हणत नाही. बहुमताने काय ठरेल एवढंच तो सांगतो. काय ठरायला हवं यावर तो गप्प आहे. मधला माणूस शहाणा किंवा समतोल असतो असंही त्यात कुठे नाही. सातही जण कंजूष असले तर मधलाही कंजूषच असणार.

चिठ्ठ्या टाकून मध्यक सापडेल असं धरू नका

एके वर्षी वाद नको म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या: ज्याने त्याने आपला आकडा लिहायचा, ज्याला जास्त मतं तो पक्का. वरच्या यादीवर हे करून बघा. 300 ला दोन मतं, बाकी प्रत्येक आकड्याला एकेक. सातपैकी दोघांच्या जोरावर 300 जिंकला, आणि तोच 300 समोरासमोर 500 शी लढला असता तर हरला असता. सिद्धांताची अट अशी की पर्याय दोन-दोन करून समोरासमोर यावेत आणि प्रत्येकाने मनातलं खरं मत द्यावं. मतदानाची रीत बदलली की निकाल बदलतो, म्हणून सिद्धांत चुकला असं म्हणण्याआधी मत कसं घेतलं ते विचारा.

पहिल्या पसंतीवर थांबू नका, दुसरी विचारा

सिद्धांताचा खरा कणा इथे आहे, आणि पुस्तकात तो एका ओळीत उरकतात. प्रत्येकाची पसंती "एकशिखरी" हवी. म्हणजे माणसाचा एक आवडता आकडा, आणि त्याच्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे जितकं लांब जावं तितकी आवड उतरत जायची. एका बाजूची उतरण खडी आणि दुसरीकडची सौम्य असली तरी बिघडत नाही. उतरून पुन्हा चढता कामा नये, एवढंच.

हे मोडतं कसं, ते आमच्याच बैठकीत दिसलं. पर्याय तीन होते. 200 रुपयांत साधी पूजा आणि आरती. 500 रुपयांत झांजपथक आणि हलगी लावून मिरवणूक. 1000 रुपयांत मोठा देखावाही. दोघांना आधी साधी पूजा हवी होती, मग मिरवणूक, देखावा शेवटी. दुसऱ्या दोघांना आधी मिरवणूक, मग देखावा, साधी पूजा शेवटी. उरलेल्या तिघांचं म्हणणं एका दादाने मांडलं:

"करायचं तर दणक्यात करूया, न्हाईतर साधी पूजा घालूया. मधलं अर्धवट काय कामाचं न्हाई."

या तिघांची पहिली पसंती 1000, दुसरी 200, आणि 500 सगळ्यात शेवटी. त्यांच्या मनाचा आलेख मधे खाली जातो आणि दोन्ही टोकांना वर येतो. हेच ते मोडलेलं शिखर. पहिल्या पसंती नुसत्या मांडल्या तर 200 ला दोन, 500 ला दोन, 1000 ला तीन. मधला म्हणजे चौथा माणूस 500 चा, आणि आपण निश्चिंतपणे लिहून टाकतो की 500 जिंकणार.

आता समोरासमोर लावा. 200 विरुद्ध 500: साध्या पूजेवाले दोघे आणि दणक्यावाले तिघे 200 कडे, 200 जिंकला. 500 विरुद्ध 1000: पूजेवाले आणि मिरवणूकवाले मिळून चौघे, 500 जिंकला. 1000 विरुद्ध 200: मिरवणूकवाले आणि दणक्यावाले मिळून पाच, 1000 जिंकला. म्हणजे 200 ने 500 ला पाडलं, 500 ने 1000 ला, आणि 1000 ने 200 ला. चक्र पूर्ण, अजिंक्य पर्याय एकही नाही. फ्रान्समधल्या काँदोर्सेने अठराव्या शतकात दाखवलेलं चक्र ते हेच.

अशा वेळी निकाल कोण ठरवतं? विषयपत्रिका हातात असलेला माणूस. आधी 200 आणि 500 ची लढत लावून जिंकलेल्याला 1000 शी भिडवा, तर शेवटी 1000. आधी 500 आणि 1000 लावा, तर शेवटी 200. आधी 1000 आणि 200 लावा, तर शेवटी 500. जो पर्याय शेवटी मैदानात येतो तो जिंकतो. बैठकीत क्रम कोण लावतं याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि सगळा निकाल तर त्यातच असतो.

उपाय सोपा आहे. मत घेण्याआधी प्रत्येकाला एवढंच विचारा: तुमचा पर्याय पडला तर दुसरा कुठला? टोकाच्या माणसाने मधला सोडून पलीकडचं टोक सांगितलं की सावध व्हा. असा एखादाच निघाला तर मध्यक बहुधा टिकतो. गट निघाला तर टिकेलच याची खात्री नाही.

दोन विषय एका पिशवीत घालू नका

सिद्धांताला एकच रेषा लागते: कमी ते जास्त. वर्गणी किती आणि शिल्लक कुठल्या गल्लीवर खर्च करायची, हे एकत्र आलं की रेषा संपते. समजा शिल्लक 30 हजार आहे, गल्ल्या तीन, आणि प्रत्येक गल्लीचं एक मत. पहिल्या दोघी ठरवतात: 15, 15 आणि तिसरीला शून्य. तिसरी गल्ली दुसरीकडे जाते: "तुम्ही 18 घ्या, आम्हाला 12 द्या, पहिलीला काही नको." दोन मतं, मंजूर. मग पहिली तिसरीला गाठते: "आम्हाला 14, तुम्हाला 16." मंजूर. लगेच दुसरी पहिलीकडे: "त्यापेक्षा आधीचं 15-15 बरं नव्हतं का?" आपण फिरून तिथेच. कुठलीही वाटणी आणा, तिला पाडणारी दुसरी वाटणी असतेच. वर्गणी आणि मिरवणुकीची वेळ असे दोन साधे विषय एकत्र घेतले तरी प्रत्येक विषयाचा मध्यक काढून त्यांची जोडी अजिंक्य ठरेल असं गृहीत धरता येत नाही. रिचर्ड मॅकेल्व्ही यांनी 1976 मध्ये दाखवलं की एकापेक्षा जास्त मुद्दे असले की, क्वचित जमून येणारा समतोल सोडला तर, बहुमताच्या लढती क्रमाने लावून निकाल जवळपास कुठेही नेता येतो. म्हणून आमच्याकडे आता वर्गणीचं मत वेगळं आणि खर्चाचं वेगळं.

निवडणुकीला लावताना उमेदवार आणि मतदार मोजा

रंकाळ्याच्या काठावर सरळ पट्ट्यात दोन भेळेच्या गाड्या आहेत, भाव आणि चव सारखीच, आणि गिऱ्हाईक जवळच्या गाडीवर जातं, असं धरा. दोघांनाही मधे सरकावंसं वाटेल आणि शेवटी गाड्या शेजारी शेजारी लागतील. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दुकानांबद्दल हे मांडलं आणि अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये ते पक्षांना लावलं. दोन पक्ष मध्यकाकडे सरकतात हे वाक्य तिथून आलं.

पण तिसरी गाडी आली की? पट्टा 0 ते 100 धरा, गिऱ्हाईक सारखं पसरलेलं, दोन गाड्या 50 वर. तिसरा 55 वर उभा राहिला तर 52.5 च्या पलीकडचं सगळं त्याचं, म्हणजे 47.5 टक्के. मधल्या दोघांना उरलेल्या 52.5 ची निम्मी निम्मी वाटणी, 26.25 टक्के. मधे उभे राहिलेले दोघेही हरले. ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो अशा आपल्या पद्धतीत, तिरंगी किंवा चौरंगी लढतीत "मधे या, जिंकाल" हा सल्ला म्हणूनच चालत नाही.

मतदार कुठला मोजायचा, हाही प्रश्न आहेच. कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे 10 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाचा मध्यक वेगळा. करवीरच्या ऊस उत्पादकांचा मुद्दा, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा मुद्दा आणि कोल्हापूर उत्तरमधल्या शहरी घराचा मुद्दा एका रेषेवर बसवून जिल्ह्याचा एकच मधला माणूस शोधणं निरर्थक आहे. शिवाय मध्यक काढायचा तो मतदान केंद्रावर आलेल्यांचा, यादीतल्या सगळ्यांचा नव्हे. उमेदवार मधे सरकला म्हणून त्याचे कट्टर कार्यकर्ते रुसून घरी बसले, तर रांगच आखूड होते, मधला माणूस बदलतो, आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.