सबवूफरचं अंतर टेपने ‘दुरुस्त’ करू नका: होम थिएटर लावताना होणाऱ्या चुका

मागच्या महिन्यात मावसभावाने बोलावलं. नवा सबवूफर आणला होता, रिसिव्हरसोबतचा माइक लावून कॅलिब्रेशनही केलं होतं, पण ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं की ताशा कडक आणि ढोल पोकळ. सबचा आवाज वाढवला तर खिडकीची काच थरथरायची, तरी ढोलाच्या थापेत दम येत नव्हता.

मी सेटअपमध्ये जाऊन अंतरं बघितली. सबवूफर ३.४ मीटर.

“हे माइकनेच मोजलं का?”

“नाही रे, त्याने ५.६ दाखवलं होतं. आपला हॉल तरी तेवढा लांब आहे का? मी टेप लावून बरोबर केलं.”

दोष इथेच होता, आणि ही चूक मी कितीतरी घरांत पाहिली आहे. रिसिव्हर अंतर मोजतो म्हणजे खरं तर वेळ मोजतो. बहुतेक सबवूफरच्या आत स्वतःचा अँप्लिफायर, फिल्टर आणि बऱ्याचदा डिजिटल प्रोसेसिंग असतं, त्यामुळे आवाज बाहेर पडायला काही मिलिसेकंद उशीर होतो. हा उशीर रिसिव्हर जास्तीच्या अंतराच्या रूपात दाखवतो आणि बाकीचे स्पीकर तेवढे थांबवून सगळ्यांचा आवाज एकत्र पोहोचवतो.

भावाने २.२ मीटर कमी केले. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सब जवळजवळ ६.४ मिलिसेकंद मागे पडला. त्याचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास स्पीकरऐवजी सबकडे जातो तो आकडा, होता ८० हर्ट्झ, आणि तिथे एका लहरीला १२.५ मिलिसेकंद लागतात. सब जवळजवळ अर्धी लहर मागे! फ्रंट स्पीकरचा पडदा पुढे येताना सबचा मागे जात होता आणि दोघं एकमेकांना खोडत होते. ढोलाच्या थापेचा बराचसा भाग याच पट्ट्यात असतो. सबचा आवाज वाढवून हा खड्डा बुजत नाही, फक्त त्याखालचा घुमारा वाढतो.

खात्री कानाने करता येते. ८० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात रिसिव्हरमधून स्टिरिओ मोडमध्ये लावा, सब चालू ठेवा आणि नेहमीच्या जागेवर बसा. कुणाला तरी सबचं अंतर ०.३ मीटरने बदलायला सांगा. ज्या आकड्याला टोन सर्वात जोरात ऐकू येईल, तो ठेवा. आमच्याकडे तो पुन्हा ५.६ च्या आसपासच आला. बाकी स्पीकरचं अंतर मात्र टेपशी साधारण जुळायला हवं. नाही जुळलं तर माइक उशीवर किंवा सोफ्याच्या पाठीला टेकवला होता का ते आठवा. तो कानाच्या उंचीवर, ट्रायपॉडवर हवा, आणि पंखा बंद.

क्रॉसओव्हरची दुसरी गडबड सबच्या मागच्या बाजूला सापडली. तिथलं क्रॉसओव्हरचं बटण ६० वर होतं. रिसिव्हर ८० पर्यंतचा बास सबकडे पाठवतोय आणि सब ६० च्या वरचा भाग स्वतःच कापतोय, म्हणजे एकाच आवाजाला दोन चाळण्या. शिवाय त्या जास्तीच्या फिल्टरने उशीरही वाढतो. रिसिव्हर जोडलेला असेल तर हे बटण शेवटपर्यंत फिरवा किंवा LFE वर ठेवा आणि मग कॅलिब्रेशन पुन्हा करा.

पुन्हा केल्यावर रिसिव्हरने त्याच्या पाच इंची फ्रंट स्पीकरना Large, म्हणजे सगळा बास स्वतःच पेलणारे, ठरवलं. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरच्या बाबतीत असं होतं, कारण भिंतीमुळे बास फुगून मोजला जातो. ते Small करा, क्रॉसओव्हर ८० ठेवा. Small हा कमीपणा नाही, जड काम सबकडे दिल्याची ती खूण आहे. अगदी छोटे सॅटेलाइट असतील तर १०० किंवा १२०. मोजलेल्या आकड्यापेक्षा क्रॉसओव्हर वर न्यायला हरकत नाही, खाली मात्र नेऊ नका, स्पीकर तिथे पोहोचतच नाही.

राहिला सबचा आवाज. कॅलिब्रेशननंतर रिसिव्हरमध्ये सबची पातळी बघा. ती -12 ला जाऊन अडकली असेल, तर सबचं गेनचं बटण इतकं जास्त आहे की रिसिव्हरला त्याहून खाली आणता येत नाही, आणि उरलेला जादा बास तुमच्या हॉलमध्ये घुमतोय. गेन थोडं कमी करून पुन्हा मोजा. भावाकडे पहिल्यांदा -12 आलं, गेन अर्ध्यावरून एक-तृतीयांशावर आणल्यावर -4. पातळी +12 ला टेकली तर उलट करा. मला स्वतःला यावर दोन-तीन डेसिबल जास्त आवडतात, ते सगळं जुळल्यावर रिसिव्हरमधूनच वाढवावेत.

मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सब आधीपेक्षा कमी आवाजावर होता, काच शांत होती, आणि ढोलाची पहिली थाप थेट छातीत आली.