युनिफॉर्मचं कापड मोजताना दोन शर्टांची जोडी बेता

४० शर्टांसाठी एका शर्टाला लागणारं कापड गुणिले ४० असा हिशोब केला की कापड जास्त येतं, कारण एकट्या शर्टाच्या उरलेल्या पट्टीत खांद्यावरचा योक आणि कॉलर नीट बसत नाहीत. म्हणून पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत ठोक खरेदीला निघण्याआधी जोडीचा बेत जमिनीवर मांडून मोजा.

१. वापरता येणारा पन्हा मोजा. ५८ इंची कापडात दोन्ही काठ सोडून साधारण ५६ उरतो. जमिनीवर तेवढ्या अंतरावर दोन चिकटपट्ट्या लावा.

२. उदाहरणाला हाफ बाहीचा शर्ट, उंची शिलाईसह २५ इंच. पुढचे दोन भाग २१ इंच, पाठ १८, म्हणजे ३९. बाजूला उरलेल्या १७ इंचांत दोन्ही शर्टांच्या चारही बाह्या एकाखाली एक लावा.

३. पाठ २ इंच आखूड असते. दोन पाठी सलग लावल्या की खाली ४ इंच सुटतात, तिथे चार योकांपैकी एक बसतो. बाह्यांखाली आणखी दोन. उरलेला योक आणि कॉलरपट्ट्या शेवटी आडव्या.

एकट्या शर्टाला ३३ इंच लागतात, जोडीला ६१. म्हणजे ४० शर्टांना ३३.५ मीटरऐवजी ३१. आटणं आणि डागांसाठी वर एक मीटर घ्या.

पन्हा ठाणावर मोजूनच घ्या. वापरता येणारा पन्हा ५५ निघाला तर बाह्यांखालचे योक बसत नाहीत, जोडीमागे सुमारे ४ इंच वाढतात आणि वाचलेल्या अडीच मीटरांपैकी दोन तिथेच जातात. चेक्सच्या कापडाला हा हिशोब लावू नका, चौकडी जुळवायला जास्त लागतं.