व्यासाचं डायल आणि खोलीचा आकडा: क्रॉस स्लाइडवर डिव्हिजन मोजताना या चुका टाळा

लेथवर नवीन आलेल्या पोराला विचारा, "अर्धा मिलिमीटर कट द्यायचाय, हँडव्हील किती डिव्हिजन फिरवशील?" दहातले आठ जण ताबडतोब उत्तर देतात, आणि मला त्या ताबडतोबचीच भीती वाटते. कारण उत्तर देण्याआधी त्याने मला दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. अर्धा मिलिमीटर म्हणजे खोली का व्यासातली घट? आणि या मशीनचं डायल काय दाखवतं, स्लाइड किती सरकली ते का व्यास किती कमी होणार ते?

आधी हिशोब सांगतो, मग चुकांकडे येतो. आपण धरू की क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा पिच २.५ मिमी आहे आणि डायलवर १०० डिव्हिजन आहेत. एक पूर्ण फेरा फिरवला की स्लाइड २.५ मिमी पुढे जाते, म्हणजे एका डिव्हिजनला ०.०२५ मिमी. पण जॉब गोल फिरतोय, टूल एका बाजूने ०.०२५ आत गेलं की व्यास दुप्पट म्हणजे ०.०५ ने कमी होतो. व्यासाचं डायल असलेल्या मशीनवर हे दुप्पट करणं आधीच करून ठेवलेलं असतं, तिथे एका डिव्हिजनची किंमत ०.०५ लिहिलेली असते आणि ती व्यासातली असते. त्यामुळे व्यास १ मिमीने कमी करायचा असेल तर १ भागिले ०.०५, म्हणजे २० डिव्हिजन. निम्मं काही करायचं नाही. पण कोणी तुम्हाला खोली सांगितली असेल, तर आधी खोलीची दुप्पट करायची आणि मग ०.०५ ने भागायचं. ०.५ मिमी खोली म्हणजे १ मिमी व्यास, म्हणजे तेच २० डिव्हिजन.

एवढंच आहे. तरी वर्षानुवर्षं तीच चूक बघतोय.

खोलीचा आकडा तसाच डायलवर घेणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे आणि ती बाहेरचा व्यास टर्न करताना फारशी होत नाही, कारण तिथे सगळे व्यासातच बोलतात. ती होते ग्रूव्ह मारताना.

एकदा आमच्याकडे १२ शाफ्ट होते, ३० मिमी व्यासाचे, बेअरिंगच्या पुढे सर्क्लिपसाठी ग्रूव्ह. ३० च्या शाफ्टला नेहमीच्या बाहेरच्या सर्क्लिपसाठी ग्रूव्हचा तळाचा व्यास २८.६ आणि रुंदी १.६ लागते. ड्रॉइंगवर तळाचा व्यास लिहिला असता तर काही झालंच नसतं, पण हाताने काढलेल्या स्केचवर लिहिलं होतं "खोली ०.७". मशीनवर जो मुलगा होता तो हुशार होता, हात चांगला होता, पण आधी तो ज्या लेथवर काम करायचा तिथलं डायल सरळ स्लाइडची चाल दाखवणारं होतं आणि तिथेही डिव्हिजन ०.०५ चंच. त्याने टूल टेकवलं, डायलची रिंग शून्यावर आणली, ०.७ भागिले ०.०५ असे १४ डिव्हिजन फिरवले आणि बाराच्या बारा मारून टाकले. जुन्या मशीनवर १४ बरोबरच होते. आमच्या मशीनवर १४ डिव्हिजन म्हणजे व्यासात ०.७ कमी, तळाचा व्यास २९.३, खोली फक्त ०.३५. हवे होते २८ डिव्हिजन.

आता यातली वाईट गोष्ट अशी की सर्क्लिप बसली. सर्क्लिप मुळात शाफ्टपेक्षा लहान असते, ताणून चढवतो आपण, त्यामुळे कमी खोल ग्रूव्हमध्येही ती घट्ट धरते, हाताने हलवली तर हलत नाही. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. फक्त तिच्यामागे टेकायला ०.७ ऐवजी ०.३५ चीच भिंत असते. दोन शाफ्ट असेंब्लीत गेले, बेअरिंगवर बाजूचा जोर आला, एका शाफ्टवरची सर्क्लिप कडेवरून घसरून बाहेर आली आणि बेअरिंग सरकलं. मग सगळं उघडून बघितलं, व्हर्नियरच्या जबड्याचं पातळ टोक ग्रूव्हमध्ये घालून तळाचा व्यास मोजला, बाराही शाफ्टना २९.३ च्या आसपास. मटेरियल शिल्लक होतं म्हणून शाफ्ट वाचले, पण १.६ रुंदीच्या तयार ग्रूव्हमध्ये पुन्हा टूल बरोबर समोर आणणं, कडा न खरवडता, हे नवीन ग्रूव्ह मारण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं काम आहे. पहिल्याच शाफ्टचा तळ एकदा मोजला असता तर बाकीचे अकरा तिथेच थांबले असते.

उलटी चूक याहून महाग पडते. व्यासाच्या डायलची सवय झालेला माणूस सरळ चाल दाखवणाऱ्या मशीनवर गेला आणि त्याने २८ डिव्हिजन फिरवले तर खोली १.४ आणि तळ २७.२. तो शाफ्ट भंगारात.

माझी सवय सांगतो. मी खोलीचा आकडा मशीनजवळ नेतच नाही. स्केचवर खोली असेल तर पेन काढून त्याच्या शेजारी तळाचा व्यास लिहितो, ३० वजा १.४ म्हणजे २८.६, आणि खोलीवर काट मारतो. मग डोक्यात एकच भाषा राहते, आत्ताचा व्यास आणि हवा तो व्यास, मधला फरक भागिले डिव्हिजनची किंमत. काही जण म्हणतात की यात वेळ जातो, तोंडी हिशोब पटकन होतो. तोंडी हिशोब पटकन होतो हे खरं आहे, पण दिवसाच्या शेवटी थकल्यावर "दुप्पट केली होती का नव्हती केली" हे आठवत नाही आणि माणूस एकदा जास्तच दुप्पट करतो.

डायल कुठलं आहे हे न तपासता सुरू करणं

डायलवर व्यासाचं चिन्ह किंवा तसा काही मजकूर कोरलेला असतो, पण कित्येक जुन्या मशीनवर तो घासून गेलेला असतो किंवा नुसतं ०.०५ लिहिलेलं असतं. शेजारचा ऑपरेटर काय सांगतो त्यावर विसंबू नका, त्यालाही कुणीतरी सांगितलेलं असतं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावा, टोक क्रॉस स्लाइडला किंवा टूलपोस्टला टेकवा, स्लाइडच्या चालीच्या रेषेत. हँडव्हील आधी थोडं पुढे फिरवून ढिलाई काढा, गेज आणि रिंग दोन्ही शून्य करा, मग पुढेच २० डिव्हिजन फिरवा. डिव्हिजनवर ०.०५ लिहिलंय तर डायलने १.०० म्हटलं. गेजने ०.५० दाखवलं तर डायल व्यासाचं, १.०० दाखवलं तर सरळ चालीचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि मशीनसाठी एकदाच करायचंय. मी करून मग मार्करने हेडस्टॉकवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो, "१ डिव्हिजन = व्यास ०.०५".

आणि एक, वरची छोटी कंपाउंड स्लाइड बहुतेक मशीनवर सरळ चालच दाखवते, खालची क्रॉस स्लाइड व्यासाची असली तरी. एकाच मशीनवर दोन डायल दोन भाषा बोलतात. फेसिंग करताना कंपाउंड बेडला समांतर लावून ०.२ घ्यायचं असेल तर ते ०.२ च घ्यायचं, दुप्पट-निम्मं काही नाही.

जास्त गेलं म्हणून तेवढंच मागे घेणं

२८ वर थांबायचं होतं, ३१ वर गेलं, मग तीन डिव्हिजन मागे घेतलं आणि कट सुरू. हे इतक्या वेळा बघितलंय की आता लांबूनच ओळखू येतं. स्क्रू आणि नटमध्ये ढिलाई असते, मागे फिरवलेले पहिले काही डिव्हिजन हँडव्हील नुसतंच फिरतं, टूल जागचं हलतच नाही. डायल २८ दाखवतं, टूल ३१ वरच आहे. व्यासाच्या डायलवर ही ढिलाई आकड्यात मोठी दिसते, स्लाइडमध्ये खरी ढिलाई ०.२ मिमी असेल तर डायलवर ती ०.४ म्हणजे ८ डिव्हिजन खाते. अर्धा फेरा मागे या, मग पुढे येत २८ वर थांबा. नेहमी पुढे येतच आकड्यावर थांबायचं. बोअरिंगमध्ये टूल आपल्याकडे ओढून कट देतो, तिथे हेच सगळं उलट दिशेने.

काळ्या स्किनवर टूल टेकवून शून्य करणं

रॉडचा वरचा थर गोल नसतो, टूल सगळ्यात उंच जागी टेकतं आणि तिथून मोजलेले डिव्हिजन कशाचेच नसतात. आधी हलका साफ कट, टूल क्रॉसमध्ये न हलवता कॅरेज बाजूला, मशीन बंद करून व्यास मोजा, मग रिंग शून्य करा. समजा ३१.२० आला आणि ३०.०० हवाय, फरक १.२०, म्हणजे २४ डिव्हिजन. हे २४ एका दमात फिरवू नका. मी १६ फिरवतो, म्हणजे ३०.४० यायला हवा. येतो ३०.४४, कारण जॉब आणि टूल दोन्ही थोडे दबतात. आता जुना हिशोब सोडून द्या, डायलवर काय शिल्लक दिसतं ते बघू नका, मोजलेल्या ३०.४४ वरून पुन्हा काढा. राहिले ०.४४, ते साधारण सारख्या दोन कटांत संपवायचे. पहिल्या कटाला ४ डिव्हिजन फिरवले तर ३०.२४ अपेक्षित, आला ३०.२५, राहिले ०.२५, बरोबर ५ डिव्हिजन. शेवटचे दोन कट सारखे असले की दबणंही जवळपास सारखंच होतं आणि डायलवर विश्वास ठेवता येतो. शेवटी ०.०२ चा कट ठेवून बसणाऱ्यांचं टूल नुसतं घासत राहतं आणि डायल फिरूनही साइज हलत नाही.

गरम जॉब मोजू नका. रिंगचा लॉक स्क्रू घट्ट आहे ना बघा, नाहीतर रिंग हळूच सरकते आणि शून्य कुठल्याकुठे जातं.

पूर्ण फेरे मोजायला विसरू नका. आपल्या १०० डिव्हिजनच्या डायलवर एक फेरा म्हणजे व्यासात ५ मिमी, म्हणून ६ मिमी व्यास कमी करायचा तर एकूण १२० डिव्हिजन, एक फेरा आणि वर २०. हे तीन-चार कटांत वाटलं की शून्य कधी ओलांडलं ते लक्षात राहत नाही. मी प्रत्येक कटानंतर मोजून रिंग परत शून्यावर आणतो आणि मोजलेला व्यास खडूने हेडस्टॉकवर लिहितो, आधीचा पुसून.